एकदा जखडले, दुसऱ्यांदा निम्मे
‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील घटत्या फलाचा नियम

संगणकावरील स्पर्धात्मक खेळांत पराभवाचे अनेक प्रकार असतात. परंतु खेळाडूला सर्वाधिक चीड आणणारा प्रकार एकच. समोरचा खेळाडू वार करतो, आपले पात्र सुन्न होते, कळफलकावरील एकही कळ चालेनाशी होते; सुन्नपणा ओसरण्याच्या क्षणी दुसरा वार येऊन पात्र पुन्हा सुन्न होते, आणि हे चक्र पात्र मरेपर्यंत चालू राहते. हात कळफलकावर, डोळे पडद्यावर. पण खेळ मात्र दुसराच कोणीतरी खेळत असतो. या प्रकाराला खेळाडूंच्या बोलीत ‘स्टनलॉक’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला हालचाल करण्यापासून रोखणाऱ्या सर्व क्लृप्त्यांना मिळून ‘क्राउड कंट्रोल’ किंवा नुसते ‘सीसी’ असे नाव आहे. सुन्न करणे, झोपवणे, घाबरवून पळवून लावणे, मेंढी करून टाकणे हे सगळे त्यात आले.

ही साखळी तोडण्यासाठी ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात जो उपाय योजला, त्याचे नाव ‘डिमिनिशिंग रिटर्न्स’. खेळाडू त्याला ‘डीआर’ म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील घटत्या फलाचा नियम तो हाच, असे नावावरून वाटेल. पण साम्य नावापुरतेच आहे. शेतात खत वाढवत गेले तर पीक त्या प्रमाणात वाढत नाही, हा निसर्गाचा स्वभाव झाला. खेळातील घट मात्र कोणीतरी बसून ठरवलेली आहे आणि तिची पायरी न् पायरी मोजता येते.

नियम थोडक्यात असा. एखाद्या खेळाडूवर एका प्रकारचा सीसी पहिल्यांदा लागला, तर तो पूर्ण काळ टिकतो. तोच प्रकार लगेच दुसऱ्यांदा लागला, तर निम्मा काळ. तिसऱ्यांदा पाव काळ. आणि चौथ्यांदा लागतच नाही, पडद्यावर ‘Immune’ एवढाच शब्द उमटतो. २००७ ते २०१४ या काळातील सर्व आवृत्त्यांत हा क्रम कायम होता. मोजणी कोणी वार केला यावर चालत नाही, कोणावर झाला यावर चालते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या खेळाडूंनी पाळीपाळीने एकाच शत्रूला सुन्न केले, तरी दुसऱ्याच्या वाट्याला निम्माच काळ येतो. नियमाचा खरा नेम या जोडीवरच होता. एकट्याच्या जोरावर अखंड जखडणे तसेही अवघडच असते, कारण अनेक क्लृप्त्या पुन्हा वापरण्यासाठी काही वेळ थांबावे लागते. दोघे-तिघे एकत्र आले की ती अडचण उरत नाही.

निम्म्याच्या आसपासची मर्यादा

मेंढीचे उदाहरण घेऊ. या खेळातील जादूगार ‘पॉलिमॉर्फ’ नावाच्या मंत्राने शत्रूची मेंढी करतो. संगणकाने चालवलेल्या राक्षसांवर हा मंत्र पन्नास सेकंदांपर्यंत टिकत असे. पण खेळाडूविरुद्ध खेळाडू अशा लढतीत ‘द बर्निंग क्रुसेड’ या २००७ मधील आवृत्तीच्या काळात त्यावर दहा सेकंदांची मर्यादा होती. दहा सेकंदांनंतर पुन्हा मेंढी केली तर पाच सेकंद, त्यानंतर अडीच सेकंद, त्यानंतर काहीच नाही. एकूण साडेसतरा सेकंद. मंत्र कितीही असोत, जादूगार कितीही असोत, एका दमात पहिल्या काळाच्या पावणेदोन पटींपलीकडे जाता येत नाही.

अर्थात ही प्रतिकारशक्ती कायमची नसते. ती पुसली जाते, आणि पुसली कधी जाते यात नियमाचे अर्धे मर्म आहे. त्या काळात शेवटचा परिणाम संपल्यापासून पंधरा सेकंद त्या प्रकारचा नवा परिणाम लागला नाही, तर मोजणी शून्यावर येत असे. प्रत्यक्षात हा काळ पंधरा ते वीस सेकंदांच्या दरम्यान कुठेही पडे. मोजणी लागण्याच्या क्षणापासून नव्हे, संपण्याच्या क्षणापासून सुरू होते, हा बारकावा नवखे खेळाडू हमखास विसरतात. दहा सेकंदांची मेंढी केली की पंधरा सेकंदांनी सगळे पूर्ववत होईल, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः दहा आणि पंधरा मिळून पंचवीस सेकंद तरी थांबावे लागते, आणि नशीब आडवे आले तर तीस.

आता हिशेब मांडता येतो. साडेसतरा सेकंद जखडायचे, मग पंधरा ते वीस सेकंद वाट पाहायची, मग पुन्हा साडेसतरा सेकंद. या क्रमाने एकाच प्रकारचा सीसी अगदी अचूकपणे वापरत राहिले, तरी समोरचा खेळाडू एकूण वेळाच्या साधारण निम्माच काळ जखडलेला राहतो. पुसण्याची वाट पंधरा सेकंदांत संपली तर निम्म्याहून थोडा अधिक, वीस लागले तर थोडा कमी. मूळ परिणाम जितका आखूड, तितके हे प्रमाण खाली येते. चार सेकंद सुन्न करणारा वार घेतला तर चार, दोन आणि एक मिळून सात सेकंद. त्यानंतर तीच पंधरा-वीस सेकंदांची वाट. म्हणजे समोरच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वेळ जातो, अनेकदा त्याहून कमी. नियम नसता तर दोन्ही आकडे शंभर टक्क्यांना भिडले असते.

पाव काळाच्या मेंढीचा मोह महागात पडतो तो इथेच. अडीच सेकंदांसाठी मंत्र टाकला की पुसण्याचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऐन वेळी शत्रूचा वैद्य अडीच सेकंद गप्प बसल्याने समोरचा मरणार असेल, तर तो सौदा योग्यच. पण केवळ हाताशी मंत्र आहे म्हणून तो टाकणारा जादूगार पुढच्या पूर्ण दहा सेकंदांना आपणच मुकतो. जाणते जादूगार अशा वेळी हात आवरतात. रिंगणात कोण मुरलेला आहे हे ओळखण्याची ही एक साधी खूण मानली जात असे.

प्रकार वेगळा, मोजणी वेगळी

इथवर वाचून हा नियम अभेद्य वाटेल. तो तसा नाही, कारण मोजणी प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र होते. सुन्न करण्याची मोजणी वेगळी, भीतीची वेगळी, मेंढीची वेगळी. कोणती क्लृप्ती कोणत्या गटात मोडते, हे खेळाच्या पडद्यावर कुठेही स्पष्ट लिहिलेले नसे. खेळाडूंनी एकमेकांवर प्रयोग करून, सेकंद मोजून, याद्या तयार केल्या. या याद्या नेहमीच तर्काला धरून होत्या असे नाही. मेंढी करण्याचा मंत्र आणि पाठीमागून डोक्यात टोला हाणून बेशुद्ध करणारा ‘सॅप’ हे एकाच गटात. पण डोळ्यांत भुकटी फेकून आंधळे करणारा ‘ब्लाइंड’ मात्र वेगळ्या गटात, आणि तोही ड्रूइडच्या वावटळीसोबत.

सर्वांत गाजलेली फट ठगाच्या हातात होती. (इंग्रजीत या वर्गाचे नाव ‘रोग’ आहे, मराठीत ते वाचताना भलताच अर्थ निघतो, म्हणून येथे ठग.) ठग अदृश्य अवस्थेतून ‘चीप शॉट’ मारतो तेव्हा शत्रू चार सेकंद सुन्न होतो. त्यानंतर जमवलेले पाच गुण खर्चून ‘किडनी शॉट’ मारला तर आणखी सहा सेकंद. दोन्ही सुन्न करणारेच वार. तरीही त्या काळात किडनी शॉटची मोजणी स्वतंत्र होती. परिणामी चार आणि सहा असे पूर्ण दहा सेकंद शत्रू जागचा हलू शकत नसे, आणि नियमाला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नसे. हलकी चिलखते घालणाऱ्या पात्रांसाठी दहा सेकंद म्हणजे अनेकदा सगळी लढत.

याहून मोठी तक्रार गदेची होती. गदा चालवण्यात प्रावीण्य मिळवलेल्या योद्ध्याच्या किंवा ठगाच्या प्रत्येक फटक्यासरशी शत्रू अचानक सुन्न होण्याची थोडीशी शक्यता असे. असे आपोआप घडणारे सुन्नपण जाणूनबुजून मारलेल्या वारांच्या मोजणीत धरले जात नसे. म्हणजे ठगाने चीप शॉट आणि किडनी शॉट वापरून संपवल्यावरही नशिबाच्या जोरावर आणखी काही सेकंद पदरात पडत. ‘स्टॉर्महेराल्ड’ नावाची लोहारकामातून घडवता येणारी गदा त्या काळात इतकी बदनाम झाली, की खेळाडूंनी तिचे नाव बदलून ‘स्टनहेराल्ड’ ठेवले. नियमाने कौशल्याला लगाम घातला आणि नशिबाला मोकळे सोडले, असा हा उफराटा प्रकार होता. २००८ च्या अखेरीस गदेच्या प्रावीण्यातून सुन्न करण्याचा गुण काढून घेण्यात आला आणि त्याऐवजी चिलखत भेदण्याचा गुण देण्यात आला, तेव्हा फारसे कोणी हळहळले नाही.

एक लढत, सेकंदागणिक

बर्निंग क्रुसेडसोबत रिंगणातील मानांकित सामने आले. दोन विरुद्ध दोन, तीन विरुद्ध तीन आणि पाच विरुद्ध पाच. तीनच्या सामन्यांत ठग, जादूगार आणि पुरोहित या त्रिकुटाचा दबदबा होता, आणि त्याचे कारण शोधताना हा नियमच हाती लागतो. या तिघांकडे मिळून वेगवेगळ्या गटांतील जितकी जखडणारी अस्त्रे होती, तितकी फार थोड्या संघांकडे होती.

समजा, या त्रिकुटासमोर एक योद्धा आहे, त्याच्या पाठीशी एक वैद्य आहे आणि तिसरा कोणीतरी. डाव साधा: वैद्याला उपचार करू द्यायचे नाहीत आणि तेवढ्यात योद्ध्याला मारायचे. ठग अदृश्यपणे जाऊन वैद्याला सॅप करतो; हा शून्यावा सेकंद. वैद्य दहाव्या सेकंदापर्यंत बेशुद्ध. मधल्या वेळात ठग योद्ध्याकडे वळतो आणि त्याला दहा सेकंद सुन्न करण्याच्या मागे लागतो.

दहाव्या सेकंदाला वैद्य उठतो. जादूगाराची बोटे मेंढीच्या मंत्राकडे वळतात, आणि इथेच चूक होते. सॅप आणि मेंढी एका गटातले. मेंढी पाचच सेकंद टिकेल. पुन्हा केली तर अडीच. साडेसतराव्या सेकंदाला वैद्य मोकळा, आणि त्या गटाची प्रतिकारशक्ती त्याच्या अंगी पुरती भिनलेली.

जाणकार संघ दहाव्या सेकंदाला ब्लाइंड वापरतो. गट वेगळा, त्यामुळे पूर्ण दहा सेकंद. वीस झाले. विसाव्या सेकंदाला पुरोहित पुढे होऊन ‘सायकिक स्क्रीम’ ही किंकाळी फोडतो. भीतीचा गट वेगळा, म्हणून पूर्ण आठ सेकंद. अठ्ठावीस झाले. आता सॅप संपून अठरा सेकंद लोटलेले आहेत. मेंढीच्या गटाची मोजणी पंचविसाव्या ते तिसाव्या सेकंदाच्या दरम्यान केव्हातरी पुसली जाणार आहे. अठ्ठाविसाव्या सेकंदाला मंत्र टाकावा, तर पूर्ण दहा सेकंद मिळतील किंवा पाचच. तिसाव्यापर्यंत थांबावे, तर वैद्याला दोन सेकंद मोकळे मिळतात, आणि दीड सेकंदात होणारा एक झटपट उपचार त्यात बसतो. योद्ध्याच्या अंगात किती जीव उरला आहे, यावर निर्णय ठरतो. त्या काळच्या नामांकित जादूगारांची ख्याती या दोन सेकंदांच्या अंदाजावर उभी होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कागदावर अठ्ठावीस सेकंद अखंड जखडण हे मूळ रोगाइतकेच वाईट दिसते. मग नियमाने साधले काय? साधले ते असे की, जखडण फुकट राहिली नाही. ब्लाइंड एकदा वापरला की काही मिनिटे परत मिळत नसे. किंकाळीलाही अर्धे मिनिट लागे. शिवाय अठ्ठावीस सेकंद तिघांनीही नेमक्या क्षणी आपापले काम करायचे आणि मधल्या काळात वैद्याला चुकूनही कोणी वार लावायचा नाही, कारण सॅप, मेंढी आणि ब्लाइंड एका जखमेने तुटतात. एवढे करून योद्धा मेला नाही, तर संघाची झोळी रिकामी होते आणि पारडे फिरते.

आणि जखडलेल्याच्या हातातही एक अस्त्र असते. प्रत्येक खेळाडू एक पदक बाळगतो. ते वापरले की अंगावरील सीसी तत्काळ तुटतो. बर्निंग क्रुसेडच्या काळात ते दर दोन मिनिटांनी एकदा वापरता येई. हे पदक कधी वापरायचे, हा प्रश्न घटत्या फलाच्या नियमामुळे रंजक होतो, कारण तोडलेला परिणामही पूर्ण लागलेला म्हणून मोजला जातो. वैद्याने मेंढी होताच एका सेकंदात पदक वापरले, तर शत्रूचे नऊ सेकंद बुडाले. शिवाय त्या गटाचा पुढचा मंत्र निम्म्यावर आला. उलट तिसऱ्या, अडीच सेकंदांच्या मेंढीवर पदक खर्चणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. घाबरून कळ दाबणारा आणि गट मोजून कळ दाबणारा यांतला फरक इथे उघडा पडतो.

ही मोजदाद डोक्यात ठेवणे सोपे नव्हते. २००८ मधील २.४ क्रमांकाच्या सुधारणेने खेळाची लढाईची नोंदवही नव्या धर्तीवर मांडली आणि `SPELL_AURA_APPLIED` व `SPELL_AURA_REMOVED` अशा नोंदी खेळाडूंनी लिहिलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅमना वाचता येऊ लागल्या. परिणाम कधी लागला आणि कधी उतरला हे कळले की बाकीचा हिशेब यंत्र करते. शत्रूच्या नावाशेजारी चिन्ह आणि उलटे घड्याळ दाखवणारी ही ‘अॅडऑन’ मंडळी लवकरच रिंगणात सर्रास दिसू लागली. नियम न वाचताही पाळता येऊ लागला तो तेव्हापासून.

गटांची काटछाट

कंपनीने पुढे फटी बुजवत नेल्या. २०१४ च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’ आवृत्तीच्या वेळी गटांची संख्या लक्षणीय कमी केली गेली आणि सुन्न करणारे सगळे वार एका मोजणीखाली आले. चीप शॉट आणि किडनी शॉट यांच्या जोडगोळीलाही त्यात जागा उरली नाही. २०१५ मध्ये पुसण्याचा पंधरा ते वीस सेकंदांचा डळमळीत काळही जाऊन नेमका अठरा सेकंद ठरवण्यात आला. वर सांगितलेल्या लढतीतला अठ्ठाविसाव्या सेकंदाचा जुगार या निर्णयाने संपला, कारण दहा आणि अठरा मिळून बरोबर अठ्ठावीस होतात. काही जुन्या खेळाडूंना त्यात रंगत गेल्यासारखे वाटले. पण ज्याला निम्म्या मेंढीने सामना गमवावा लागला असेल, त्याला तसे वाटण्याचे कारण नाही. जुने नियम ज्यांना हवेच होते, त्यांच्यासाठी कंपनीने २०२१ मध्ये बर्निंग क्रुसेडची ‘क्लासिक’ आवृत्ती पुन्हा सुरू केली आणि स्वतंत्र किडनी शॉटसह तो काळ परत आला.

इतर खेळांनी याच दुखण्यावर वेगळी औषधे शोधली. ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’ या २००१ च्या खेळात मध्यली पायरीच ठेवली नाही. एकदा झोपवलेला खेळाडू जागा झाला की काही काळ त्याला पुन्हा झोपवताच येत नसे. २०११ च्या ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’मध्ये प्रत्येक पात्राजवळ एक पट्टी असते. सीसी लागेल तशी ती भरते. पूर्ण भरली की पांढरी होते आणि रिकामी होईपर्यंत त्या पात्राला कोणी जखडू शकत नाही. मोजणी सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते, हा तिचा मोठा गुण. ‘डोटा २’ने मात्र असला नियम ठेवलाच नाही. तिथे चार जणांनी एकामागून एक सुन्न केले, तर प्रत्येकाचे सेकंद पूर्ण मिळतात. बचावासाठी खेळाडूला सोने मोजून ‘ब्लॅक किंग बार’ ही वस्तू विकत घ्यावी लागते आणि वापरली की काही सेकंद बहुतेक मंत्र अंगाला लागत नाहीत. गंमत अशी की, घटत्या फलाचा नियम तिथेही आहे, पण तो या ढालीला लावलेला आहे. ती जितक्या वेळा वापरावी, तितके तिचे संरक्षण आखूड होत जाते.